यादीत नाव आहे का, हे मला विचारा

बसा सगळे. लॅपटॉप बंद केले तरी चालतील, दहा मिनिटं कोणाचं काही अडणार नाही.

काल सकाळच्या मेलनं आपली आणि रात्रपाळीची टीम एक झाली. आपल्यातले तिघं आजपासून येणार नाहीत. ते कामात कमी पडले म्हणून गेलेले नाहीत, दोन्ही टीममध्ये एकच काम करणारी पदं होती, ती काढली. तिघांशीही मी बोललो आहे, तुम्हीही फोन करा. आपण टाळतोय असं त्यांना वाटू देऊ नका.

व्हॉट्सॲपवर दुसरी यादी फिरतेय. तशी यादी मला मिळालेली नाही. पण पुढे काहीच होणार नाही, असा शब्द मी देणार नाही. तो माझ्या हातात नाही. माझ्या हातात एवढंच आहे की, मला कळेल आणि सांगायची मुभा असेल ते त्याच दिवशी तुमच्यासमोर सांगेन. शुक्रवारी तीन वाजता पुन्हा बसू, जुम्माला जाणारेही तोवर परत येतात. नवं काही नसलं तर तेही सांगेन.

आता कामाचं. बावीस जणांचं काम एकोणीस जणांवर लादणार नाही. सोमवारचा सविस्तर अहवाल आणि जुन्या तक्रारींची फेरतपासणी महिनाभर बंद. वरून विचारणा झाली तर उत्तर मी देईन.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात नोकरीचा पगार पहिल्यांदाच येतोय, आणि हे घरात सांगायला कोणी नसतं. कधी कोणी तुमच्यासमोर तयार राजीनामा ठेवून ‘आत्ताच सही करा’ म्हणालं, तर कागद घरी न्या, वाचा. पद रद्द झाल्यानं कंपनीनं काढणं वेगळं आणि स्वतः राजीनामा देणं वेगळं. राजीनाम्यावर सही केली की कामगार कायद्यातल्या कपातीच्या भरपाईवर दावा सांगणं अवघड होतं. ती भरपाई सर्वांना लागू नसते. पदाचं नाव काहीही असो, प्रत्यक्ष काम काय करता त्यावर ते ठरतं. म्हणून आधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारा.

ग्रॅच्युइटीचं तसं नाही. पाच वर्षं सलग झाली असतील तर राजीनामा दिला तरी ती मिळते. हिशेब सोपा आहे: शेवटच्या पगाराला 26 नं भागा, 15 नं गुणा, मग वर्षांनी गुणा. इथे पगार म्हणजे हातात येणारी रक्कम नव्हे, ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा भाग. तो 26,000 असेल तर एका वर्षाचे 15,000, सहा वर्षांचे 90,000.

आणि आजच करायचं काम: पगाराच्या स्लिपा आणि नेमणूकपत्र स्वतःच्या मेलवर घ्या. खातं बंद झालं की ते मागत फिरावं लागतं. ग्राहकांची एकही फाईल मात्र घेऊ नका, त्यानं तुमचीच बाजू लंगडी पडेल.

विचारा आता. सगळ्यांसमोर नको असेल तर चारनंतर मी जागेवरच आहे.