वाहिनीचे नाव : व्यक्तीचे की व्यवसायाचे?

(गृहोद्योग चालविणाऱ्या ग्रामस्थांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यूट्यूबवर वाहिनी, म्हणजे आपण ज्यास चॅनेल म्हणतो ते, उघडण्यास फारसा वेळ लागत नाही. गूगलचे खाते असले की नाव लिहिण्याची चौकट समोर येते आणि त्या क्षणी जे सुचेल ते तेथे लिहिले जाते. मुलाच्या बारशाला आपण आठ दिवस खल करतो. वाहिनीचे बारसे मात्र चहाचा पेला निवण्याआधी उरकते. पुढे तेच नाव बरणीच्या लेबलावर, पिशवीवर आणि दुकानाच्या पाटीवर चढते. मग एखाद्या दिवशी वकिलाची नोटीस येते की, हे नाव दुसऱ्याचे आहे, ते सोडा. लेबले नव्याने छापता येतात. परंतु तीन-चार वर्षे लोकांच्या तोंडी बसलेले नाव पुन्हा बसविता येत नाही.

डिचोली तालुक्यातील एक गृहिणी डोळ्यांपुढे आणू. तिचे नाव सुमन असे धरू. तिला खतखते, सोलकढी, आंब्याचे मिस्कूट असे घरगुती पदार्थ करून दाखवावयाचे आहेत आणि वाहिनी रुळली की लोणची व मसाले विकावयाचे आहेत. तिच्यापुढे तीन नावे आहेत: ‘सुमनकाकीचे रांधप’, ‘गोव्याची चव’ आणि ‘ओसरी’.

पहिले नाव स्वतःचे आहे. त्यात जिव्हाळा आहे, शिवाय पाहणाऱ्याला चेहरा आणि नाव एकदमच लक्षात राहते. कायद्याचाही त्यास आधार आहे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ याच्या कलम ३५ नुसार, कोणी आपले स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरीत असेल तर व्यापारचिन्हाचा मालक त्यास अडवू शकत नाही. पुष्कळांचा समज येथेच चुकतो. ‘माझेच नाव आहे, मला कोण विचारणार?’ असे ते म्हणतात आणि त्या वाक्यातील ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द विसरतात. ‘महिंद्र अँड महिंद्र’ या प्रसिद्ध कंपनीने ‘महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स’ या कंपनीविरुद्ध दावा केला, तेव्हा महेंद्र हे आपल्याच घरातील नाव आहे, अशी प्रतिवादींची बाजू होती. तथापि सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली त्यांच्याविरुद्धचा अंतरिम मनाई हुकूम कायम ठेवला. दीर्घ वापराने लोकांच्या मनात एका उद्योगाशी जोडल्या गेलेल्या नावाजवळ जाऊन उभे राहणे, हे केवळ आपले नाव सांगण्यापेक्षा वेगळे ठरते.

स्वतःच्या नावाची दुसरी बाजू अशी की, सुमन नावाच्या स्त्रिया गावोगाव आहेत. आणखी एखाद्या सुमनकाकीने रांधपाची वाहिनी काढली, तर कलम ३५ ची ढाल तिच्याही हातात असते. त्यातून उद्या स्वयंपाक सुनेने दाखवावयाचा झाला किंवा व्यवसाय दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा झाला, तर नाव माणसाला चिकटलेले राहते आणि माणूस बदललेला असतो. अनेक जण आजीचे नाव देतात. ती भावना योग्यच आहे. परंतु हयात व्यक्तीचे, अथवा अर्जापूर्वी वीस वर्षांच्या आत दिवंगत झालेल्या व्यक्तीचे नाव असेल, तर कलम १४ अन्वये निबंधक तिची किंवा तिच्या वारसांची लेखी संमती मागू शकतो. देवादिकांची व धर्मग्रंथांची नावे तर नोंदणीच्या दृष्टीने टाळलेलीच बरी. ‘रामायण’ या नावावर उदबत्तीच्या व्यवसायात एकट्याला हक्क सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे.

‘गोव्याची चव’ हे नाव प्रथमदर्शनी सर्वांना आवडते, कारण ते ऐकताच विषय कळतो. नेमका हाच त्याचा दोष होय. जे शब्द केवळ मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान सांगतात, ते सर्वांच्या वापराचे असतात आणि कलम ९ अन्वये त्यांच्या नोंदणीस हरकत येते. अर्ज करण्यापूर्वीच दीर्घ वापराने त्या शब्दांना वेगळी ओळख मिळाली असेल, तर ती हरकत दूर होऊ शकते. नव्या वाहिनीजवळ असा पुरावा असणार कोठून? अशा नावाला कुंपण घालता येत नाही, एवढे समजून मग ते कोणी घेतले तर घ्यावे.

‘ओसरी’ या शब्दाचा लोणच्याशी किंवा पाककृतीशी थेट संबंध नाही, म्हणून व्यापारचिन्ह या नात्याने तो या तिहींत बळकट आहे. मात्र तो कोशातला, सर्वांच्या परिचयाचा शब्द आहे. दुसऱ्या कोणाला तो सुचला असण्याचा संभवही तितकाच मोठा. म्हणून शोध घेणे आले.

व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या ipindia.gov.in या संकेतस्थळावर सार्वजनिक शोधाची सोय विनामूल्य आहे. तेथे आधी वर्गाचा क्रमांक द्यावा लागतो. सर्व वस्तू व सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. शिक्षण व करमणूक, म्हणजे वाहिनीवरील चित्रफिती, या ४१ व्या वर्गात मोडतात. लोणची २९ व्या आणि मसाले ३० व्या वर्गात येतात. सुमनने केवळ ४१ वा वर्ग पाहिला, तर तिचे अर्धे काम राहिले. जो व्यवसाय दोन वर्षांनी करावयाचा आहे, त्याचा वर्ग आजच पाहावा.

मराठी शब्दाच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे. देवनागरीतील चिन्हाची नोंदसुद्धा रोमन अक्षरांत शोधावी लागते आणि ‘ओसरी’ हा शब्द प्रत्येक जण आपापल्या परीने लिहितो. म्हणून Wordmark या पर्यायात Contains निवडून Osari, Osri, Osaree, Oshri अशी सर्व रूपे एकेक करून पाहावीत आणि त्यानंतर Phonetic हा उच्चारसाम्याचा पर्यायही वापरावा. जसेच्या तसे नाव सापडले नाही म्हणून निश्चिंत होणे बरोबर नाही. ‘अमृतधारा’ व ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली जी कसोटी सांगितली, ती आजही लावली जाते. दोन नावे शेजारी ठेवून अक्षरे मोजावयाची नसतात. सामान्य बुद्धीच्या, अर्धवट आठवणीवर चालणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात एकंदर घोटाळा होईल काय, हे पाहावयाचे असते.

समजा, सुमनला तीन नोंदी आढळल्या. २५ व्या वर्गात, म्हणजे तयार कपड्यांत, Osari हे नाव असून त्यापुढे Registered असे लिहिले आहे. कपड्यांचा आणि पाककृतीचा ग्राहक सहसा गल्लत करीत नाही. ते चिन्ह देशभर सुप्रसिद्ध नसेल, तर येथे भीती थोडी. ४१ व्या वर्गात Osri असून त्यापुढे Abandoned असे आहे. याचा अर्थ अर्ज सोडून दिला गेला, नाव सोडले असे नव्हे. तो अर्जदार आजही ते नाव वापरीत असू शकतो; म्हणून यूट्यूबवर, दुकानांत आणि कंपन्यांच्या नावांत त्याचा माग काढावा. ३० व्या वर्गात मसाल्यांसाठी Oshri असून त्यापुढे Objected असे आहे. हे पाहून अनेक जण खूश होतात. परंतु Objected म्हणजे परीक्षकाने हरकत काढली आहे, अर्ज फेटाळलेला नाही. उत्तर समाधानकारक ठरले तर तोच अर्ज पुढे नोंदला जाईल, आणि मसाल्यांच्या बाबतीत सुमनपेक्षा त्याचा दिनांक आधीचा असेल.

खरी अडचण या तिसऱ्या नोंदीची आहे. ‘सुमनची ओसरी’ असे करून सुटका होईल, असे कोणी सुचवील. मुख्य शब्द दुसऱ्याचाच राहिला, तर पुढे आपले नाव जोडल्याने घोटाळा हटेलच, याची खात्री नसते. अशा वेळी नवा शब्द घडविणे शहाणपणाचे. पोरसू आणि अंगण हे दोन शब्द जोडून सुमनने ‘पोरसांगण’ असा शब्द केला आणि वरील सर्व शोध तिन्ही वर्गांत पुन्हा घेतला, तर तिचे पाऊल पुष्कळ सुरक्षित पडते. चित्रफितीत ‘नमस्कार, मी सुमनकाकी’ असे म्हणण्यास कोणाची आडकाठी नाही. माया व्यक्तीच्या नावाची आणि लेबल घडविलेल्या शब्दाचे, अशी वाटणी बहुतेक घरगुती व्यवसायांना मानवते.

नोंदपुस्तकात जे सापडत नाही तेही पाहावे लागते. आपल्या कायद्यात आधी वापरणाऱ्याचा हक्क मोठा आहे. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हेच तत्त्व उचलून धरले की, आधीच्या वापरकर्त्याचा हक्क नोंदणीहूनही वरचढ ठरतो. म्हणून पेडण्याच्या किंवा बेळगावच्या बाजारात कोणी नोंदणीविना तेच नाव लावून वर्षानुवर्षे लोणचे विकत असेल, तर त्याची दखल घ्यावयास हवी. याच कारणासाठी आपणही पहिल्या चित्रफितीचा दिनांक, पहिल्या विक्रीची पावती आणि लेबल छपाईचे बिल जपून ठेवावे.

यूट्यूबवर @ चिन्हाने सुरू होणारी ओळखखूण एकालाच मिळते. वाहिनीचे नाव मात्र अनेकांचे सारखे असू शकते. ओळखखूण हाती आली म्हणजे व्यापारचिन्हाचा हक्क आला, असे होत नाही. उलट चिन्हाच्या मालकाने तक्रार केली तर यूट्यूब वाहिनीवर कारवाई करू शकते.

अर्ज टीएम-ए या नमुन्यात करावयाचा असतो. व्यक्ती, नवउद्योग व लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये शुल्क आहे. म्हणून तीन वर्ग एकदम घेण्यापेक्षा आज ४१ वा आणि विक्री जवळ आल्यावर उरलेले घेणे काहींना परवडते. अर्थात मधल्या काळात दुसरा पुढे जाण्याचा धोका राहतोच. गोवा व मध्य प्रदेशातील अर्जदारांचे कार्यालय मुंबईस, बडोद्याच्या अर्जदारांचे अहमदाबादेस, तर बेळगाव व हैदराबादच्या अर्जदारांचे चेन्नईस आहे. परीक्षकाची हरकत आली तर अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर द्यावे लागते. अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला की चार महिने कोणीही विरोध नोंदवू शकतो. नोंदणी झाल्यास ती अर्जाच्या दिनांकापासून दहा वर्षे चालते व पुढे नूतनीकरण होते. तोपर्यंत नावापुढे ™ लावता येते. ® हे चिन्ह नोंदणीपूर्वी लावणे दंडास पात्र आहे.

आणखी एक बाब घरातील आहे. कॅमेरा भाचा धरतो, खाते तोच उघडतो आणि पुष्कळदा अर्जही त्याच्याच नावाने होतो. कागदोपत्री नाव ज्याचे, चिन्ह त्याचे. बचत गटाच्या वाहिनीत हाच प्रसंग अधिक कठीण होतो, कारण पदार्थ दहा जणींचे आणि अर्ज एकीचा असतो. अर्ज भरण्याआधी अर्जदार कोण आणि गटातून कोणी बाहेर पडल्यास नाव कोणाकडे राहील, हे एका कागदावर लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि खात्याचा परवलीचा शब्द एकट्या भाच्याकडे ठेवू नये.