भजनी मंडळाचे आभार

बुवा, आणि मंडळातल्या सगळ्या माउलींनो, रामकृष्णहरी!

आमची भाषणं लांबली, त्यात माइक बंद पडला. मागची पोरं उठायला लागली. तुम्ही मात्र पखवाजाला कणीक लावून तयारच होता. माइकविनाच गजर सुरू केलात. रूपाचा अभंग होईतो दारातली पोरं परत येऊन टाळ मागत होती.

मग शेजारच्या कन्नड काकांनी पुरंदरदासांचं पद मागितलं. बुवांनी ते कन्नडमध्येच म्हटलं. शेवटी मुद्रा आली, तीही 'पुरंदर विठ्ठल'! आपला लढा मराठीच्या हक्कासाठी आहे, कन्नड माणसाशी नाही, हे मी भाषणात सांगणार होतो. आता गरज उरली नाही.

भैरवीनंतर दोघांनी पखवाज शिकायचं विचारलंय. बुवा, त्यांना नाही म्हणू नका.