हागेन, मेला आणि इतर नावं

आज काही शब्द मला उच्चारावेच लागणार आहेत. पुढच्या रांगेतल्या आजींनी तेवढं सांभाळून घ्यावं.

हागेन-दाझ नावाचं एक आइस्क्रीम आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या रूबेन मॅटस यांनी १९६०च्या सुमारास ते नाव काढलं. घरी टेबलाशी बसून ते निरर्थक शब्द पुटपुटत राहिले आणि कानाला डॅनिश वाटेल असा एक त्यांनी उचलला. गंमत म्हणजे डॅनिश भाषेत तसा शब्द नाही. कुठल्याच भाषेत अर्थ नसलेलं नाव काढलं म्हणून ते निश्चिंत झाले असतील. इकडे मराठीत ते पूर्ण वाक्य निघालं, कर्ता आणि काळासकट! बसेन, उठेन, हसेन, तसंच हे. कोणी 'हागन' असं वाचलं तरी सुटका नाही, कारण गावाच्या वेशीवर 'हागणदारीमुक्त' असा फलक आपणच लावतो.

आता नाव ठरवण्याआधी ते मराठीत तपासलं असतं, तर हे सापडलं असतं का? शब्दकोश उघडला असता तर नाही. कोशात क्रियापद 'हगणे' असं बसलेलं असतं, 'हागेन' अशी नोंद कशाला असेल? उलट इंग्लंडमध्ये 'गू' नावाची चॉकलेट पुडिंग मिळतात, ती कोशाच्या पहिल्या फेरीतच पकडली जातील. म्हणून मराठीत नाव तपासायचं तर आधी त्याचं शेपूट बघावं. शेवटी एन, ईन, ला, ली, तो, ते, ऊ असं काही असेल, तर ते काढून उरलेल्या भागात एखादा धातू दडलाय का ते पाहावं.

'ला'चं उदाहरण तर आपल्या रोजच्या पाहण्यातलं आहे. हिंदीत मेला म्हणजे जत्रा. हिंदी जाहिरात तशीच उचलून कोणी 'आंबा मेला' असा फलक लावला, तर मराठी माणसाला आधी आंब्याचं सुतकच येतं. आपला शब्द मेळा. एका ळनं जीव वाचतो.

दुसरी फेरी लिपीची. नाव बहुधा रोमन अक्षरांत ठरतं, आणि त्या अक्षरांत त आणि ट, द आणि ड, न आणि ण वेगळे दिसत नाहीत. अ आणि आसुद्धा एकच. म्हणून नाव कागदावर घेऊन देवनागरीत जितक्या तऱ्हांनी वाचता येईल तितक्या तऱ्हांनी लिहून काढायचं. चार अक्षरी नावाचे सहज आठ-दहा उच्चार होतात. मालकाच्या मनातला उच्चार त्यातला फक्त एक असतो, आणि गिऱ्हाईक त्याला विचारून वाचत नाही.

मग माणसं. दहा-बारा जणांना एकेकट्यानं बोलवावं, चिठ्ठीवर रोमन अक्षरांत नाव द्यावं आणि मोठ्यानं वाचायला सांगावं. आपण आधी उच्चारायचं नाही. 'यात काही वाईट वाटतं का?' हा प्रश्न निरुपयोगी, सगळे 'छे, छान आहे' म्हणतात. ओठाचा कोपरा हलतो का ते बघावं. बायकांना बाईनंच विचारावं. सहावी-सातवीतला एक मुलगा जरूर असावा, त्याच्याइतका कसून तपास कोणी करत नाही. शेवटी नाव वाक्यात घालावं: 'एक अमुक द्या', 'अमुक संपलं', 'अमुक खा'. त्या पुडिंगला 'खा' जोडून पाहा, म्हणजे तिसरं वाक्य का ठेवलं ते कळेल.

हिंदीशी मात्र वेगळा घोळ. तिथे शब्द सभ्यच असतो, अर्थ बदलतो. शिक्षा म्हणजे त्यांच्याकडे शिक्षण, आपल्याकडे छडी. चेष्टा म्हणजे त्यांचा प्रयत्न, आपली टिंगल. क्लासला वा वहीला असं नाव देणाऱ्यानं दोन्ही भाषांच्या माणसांना वेगवेगळं विचारावं.

एवढं करूनही नाव बुडू शकतं. टाटा मोटर्सनं 'झिपी कार'वरून झिका हे नाव घेतलं. शब्दात काही खोट नव्हती. पण २०१६च्या सुरुवातीला झिका विषाणूच्या साथीची बातमी जगभर झाली आणि गाडी बाजारात येण्याआधीच तिची टियागो झाली. अशुभ अर्थ आधी नव्हता, तो मागून येऊन चिकटला. त्याला तपास नाही. नाव पत्र्यावर आणि खोक्यांवर छापण्याआधी बदलता येईल एवढी सवड ठेवणं, इतकंच हातात.

आणि प्रत्येक हसू म्हणजे धोका असंही नाही. आपल्याकडे शेतकरी गांडूळ खत हा शब्द बिनदिक्कत वापरतो, बायकाही वापरतात. हिंदी माणूस तो ऐकून दचकतो, कारण त्याचं गांडूळ म्हणजे केंचुआ, आणि आपल्या शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांत त्याला शिवी ऐकू येते. इथल्या एखाद्या बचत गटानं मला विचारलं, तर कर्जत-खालापुरात विकायच्या पिशवीवर मी गांडूळ खतच लिहायला सांगेन. माल इंदूरला निघाला, तर त्या पिशव्यांवर केंचुआ खाद.