बेडकाची पहिली उडी

पहिलीच्या वर्गातल्या एका कागदाबद्दल मी आज बोलणार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात ही कार्यपत्रिका येऊन गेली असेल. वर एक बेडूक, खाली 0 ते 20 अशी संख्यारेषा आणि बाजूला काही बेरजा. काहींची उत्तरं छापलेली, काहींच्या चौकटी रिकाम्या.

रेषेवरून चालत बेरीज-वजाबाकी समजावण्याची रीत जुनी आहे. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने 1685 सालच्या आपल्या बीजगणिताच्या ग्रंथात उणे संख्या पटवून देण्यासाठी एक माणूस रेषेवर पाच यार्ड पुढे आणि आठ यार्ड मागे चालवला. तो निघाला त्या जागेच्या तीन यार्ड मागे पोहोचला. आपल्या बेडकाला पुढेच जायचं आहे, तरीही सहा वर्षांच्या मुलाला त्याच्याबरोबर जाणं सोपं नसतं.

8 + 5 घेऊ. बेडूक आठावर बसला आहे. मूल आठावर बोट ठेवतं आणि म्हणतं, ‘एक’. मग नवावर दोन, दहावर तीन, अकरावर चार, बारावर पाच. चौकटीत 12 लिहितं. आपण लाल फुली मारतो आणि ‘नीट मोज’ म्हणतो. पण मुलानं नीटच मोजलं आहे, फक्त उड्यांऐवजी ठिपके मोजले. ओळीत सहा खांब रोवले की त्यांच्यामधले गाळे पाचच भरतात. आठ ते तेरा हे ठिपके सहा आहेत, उड्या पाच.

आता त्याच मुलाला 7 + □ = 12 द्या. सातावर एक, आठावर दोन, असं करत ते बारावर ‘सहा’ म्हणतं आणि चौकटीत 6 लिहितं. मघाशी उत्तर एकानं कमी आलं, आता एकानं जास्त. पालकांना वाटतं, मुलाचं लक्षच नाही, कधी कमी लिहितं, कधी जास्त. प्रत्यक्षात दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे : निघायची जागाच पहिली उडी म्हणून मोजली गेली. म्हणूनच रिकामी चौकट सगळीकडे बरोबरच्या चिन्हानंतरच ठेवू नये. एक-दोन ठिकाणी ती मधे हवी, कारण दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की निदान पक्कं होतं. याच चौकटीत 19 दिसलं, तर मात्र दुखणं वेगळं आहे. मुलानं अधिकचं चिन्ह पाहिलं आणि दिसलेल्या दोन्ही संख्या मिळवल्या. त्याला उड्या मोजायला नव्हे, ‘सातापासून बारापर्यंत पोहोचायला किती उड्या?’ हा प्रश्न कळायला मदत हवी.

मोजण्याची चूक जमिनीवर सुधारते. फरशीवर खडूनं रेषा काढा, मुलाला आठावर उभं करा. उभं असताना तोंडानं ‘आठ’ म्हणायचं, मोजणी नाही. पाय उचलून नवावर टेकले की ‘एक’. मग कागदावर यावं. तिथं प्रत्येक उडीची कमान काढायची आणि उडीचा क्रमांक कमानीवर लिहायचा. रेषेच्या संख्या खाली, उड्यांच्या संख्या वर. दोन मोजण्या अशा डोळ्यांना वेगळ्या दिसल्या की मूल आपली चूक पुष्कळदा स्वतःच पकडतं.

कागद तयार करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : पान आडवं घ्या. ए-फोर कागद उभा धरला तर रुंदी 21 सेंटिमीटर. समास सोडल्यावर वीस उड्यांना प्रत्येकी एक सेंटिमीटरही उरत नाही, आणि मुलाचं बोट एकदम दोन ठिपके झाकतं. आडव्या पानावर सव्वा सेंटिमीटरची उडी आरामात बसते. बेडूक लहान आणि नेमका ठिपक्यावर बसवा. दोन संख्यांच्या मधे ऐसपैस बसलेलं गोड चित्र मुलाला चुकीच्या जागेवरून निघायला लावतं. पहिलं उदाहरण पूर्ण सोडवलेलं असावं, दुसऱ्यात कमानी काढून फक्त उत्तर रिकामं असावं आणि तिसऱ्यात कमानीही मुलानं काढाव्यात.

दहाची खूण मात्र इतरांपेक्षा उंच हवी. 9 + 7 साठी सात सुट्या उड्या मारणारं मूल उत्तरापर्यंत पोहोचतं, पण वाटेत मोजणी निसटण्याचा धोका असतो. उंच खूण दिसली की त्याला विचारता येतं, ‘बेडकाला दहावर विसावायचं असेल तर?’ नवावरून दहावर एक उडी. सातांपैकी एक गेली, सहा उरल्या, त्या एकाच मोठ्या झेपेत, थेट सोळावर. हे करायला सातातून एक काढल्यावर सहा उरतात हे मुलाला न मोजता यावं लागतं. ते येत नसेल तर मोठ्या झेपेची घाई करू नये. आधी मण्यांवर सातांचे एक आणि सहा, दोन आणि पाच, तीन आणि चार असे तुकडे पाडून घ्यावेत आणि तोवर बेडकाला एकेक उडी मारू द्यावी.