एकच तार, दहा नावं: टीव्हीचा रिमोट साउंडबारला कसा चालवतो

आजचा विषय माझ्या मावशीमुळे सुचला. तिला टीव्हीसाठी साउंडबार घ्यायचा होता. दुकानदार म्हणाला, "ताई, टीव्ही ज्या कंपनीचा, साउंडबार पण त्याच कंपनीचा घ्या, नाहीतर एका रिमोटवर चालणार नाही." तो साउंडबार चार हजारांनी महाग होता. मावशीने मला फोन केला, "तू इंजिनियर ना, सांग, खरंय का हे?"

अर्धं खरं आहे.

सॅमसंगच्या टीव्हीत सेटिंग्ज उघडा, तिथे Anynet+ दिसेल. एलजीत SIMPLINK, सोनीत BRAVIA Sync, फिलिप्सवर EasyLink, पॅनासॉनिकवर VIERA Link. वाटतं, प्रत्येकाने आपापलं काहीतरी वेगळं शोधून काढलंय. पण आत एकच गोष्ट आहे, तिचं नाव सीईसी, म्हणजे कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स कंट्रोल. एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात, त्यातली १३ नंबरची पिन या कामासाठी राखून ठेवलेली आहे. चित्र बाकीच्या तारांवरून धावतं आणि या एका तारेवर उपकरणं आपापसांत बोलतात.

आता बटण दाबल्यावर काय होतं ते बघू. तुम्ही टीव्हीच्या रिमोटवर आवाज वाढवायचं बटण दाबता. रिमोट फक्त टीव्हीशी बोलतो, साउंडबारचा त्याला पत्ताच नाही. मग टीव्ही त्या तारेवर हा निरोप सोडतो:

```
05:44:41
```

पहिल्या जोडीतला शून्य म्हणजे पाठवणारा टीव्ही आणि ५ म्हणजे ऑडिओ सिस्टीम. हे आकडे ठरलेले आहेत, टीव्ही कायम शून्यच असतो. ४४ म्हणजे "बटण दाबलं" आणि ४१ म्हणजे "आवाज वाढव". बोट उचललं की "बटण सोडलं" असा दुसरा निरोप जातो. ही तार फार हळू चालते, सेकंदाला जेमतेम चारशे बिट. त्यामुळे एवढ्याशा निरोपालाही सुमारे ७५ मिलिसेकंद लागतात. आवाज किंचित उशिरा वाढतो असं वाटलं, तर ते उगाच नाही!

या निरोपात कंपनीचं नाव कुठेही नाही, बघितलंत? म्हणून एकाच्या टीव्हीने दुसऱ्याच्या साउंडबारचा आवाज वाढतो.

मग नावं वेगळी का? सीईसी २००२ च्या पहिल्या एचडीएमआयपासून होतं, पण त्यातले निरोप नीट, पूर्ण ठरले ते २००५ च्या १.२ए आवृत्तीत. शिवाय ते ऐच्छिक आहे. कंपनीने ते द्यायलाच हवं असं नाही आणि दिलं तरी सगळे निरोप पाळायलाच हवेत असंही नाही. त्यात "कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स कंट्रोल" हे नाव खोक्यावर छापून कोण टीव्ही घेणार? म्हणून मार्केटिंगवाल्यांनी आपापलं बारसं केलं. माझ्या मते त्यात हिशोबही होता: नाव आपलं असलं की गिऱ्हाईक जोडीची वस्तूही आपलीच घेतं.

दुकानदाराचं अर्धं खरं इथे येतं. सीईसीत कंपन्यांना स्वतःचे खास निरोप पाठवायचीही सोय आहे. एकाच ब्रँडची जोडी असेल तर साउंडबारचे साउंड मोड टीव्हीच्या मेनूतून बदलणं वगैरे जमू शकतं. दुसऱ्या ब्रँडच्या बाबतीत बहुतेक मॅन्युअल "खात्री नाही" म्हणून मोकळं होतं. पण चालू-बंद आणि आवाज ही साधी कामं सहसा होतात. मावशीला तेवढंच हवं होतं, तिने स्वस्तातला घेतला.

लावताना केबल टीव्हीच्या ज्या पोर्टवर ARC किंवा eARC लिहिलंय त्यातच लावा, कारण टीव्हीचा आवाज त्याच पोर्टातून साउंडबारकडे परत जातो. मग सीईसी दोन्हीकडे चालू करा, कुठल्याही नावाखाली लपलेलं असो. साउंडबार टीव्हीबरोबर चालू-बंद होतो पण आवाज टीव्हीतूनच येतोय? मग तार ठीक आहे, साउंड आउटपुटमध्ये अजून टीव्हीचा स्पीकर निवडलेला आहे. काहीच हलत नसेल तर दोघांचे प्लग भिंतीतून काढून एक-दोन मिनिटांनी परत लावा. नुसतं रिमोटने बंद करून उपयोग नाही, कारण स्टँडबायमध्ये ते एकमेकांशी बोलतच असतात.

आणि टीव्ही रात्री आपोआप चालू होत असेल, तर भूतबीत काही नाही. एखादी स्टिक किंवा गेम कन्सोल जागं होऊन त्याला उठवत असतं. एकेका उपकरणाची एचडीएमआय केबल काढून एकेक रात्र बघा. जे काढल्यावर टीव्ही शांत झोपतो, त्याच्याच सेटिंगमध्ये जाऊन सीईसी बंद करा, टीव्हीचं राहू द्या.

सेट-टॉप बॉक्सचं मात्र आधी तपासा. बऱ्याच बॉक्समध्ये सीईसी नसतंच, तिथे दुसरा रिमोट हातात राहणार.