धोरणाच्या चोपड्यातून एका पानाचा जबाबदारी-तक्ता
(शाखेच्या अभ्यासवर्गातील भाषण)



माहिती सुरक्षा धोरणाचे चोपडे कार्यालयात येते, "वाचले" म्हणून आपल्या सह्या घेतल्या जातात. पुढे काही बिघडले, की ज्याच्या आयडीवर व्यवहार झाला त्याच्याकडे बोट दाखवले जाते, आणि प्रकरण पगारातून वसुलीपर्यंत जाते. म्हणून आम्ही त्या चोपड्यातून एका पानाचा तक्ता काढला. तो कसा, ते सांगतो.

प्रथम आम्ही फक्त बंधनकारक वाक्ये अधोरेखित केली. इंग्रजी प्रतीत ती 'शॅल' आणि 'मस्ट' या शब्दांवरून ओळखू येतात. 'शुड' म्हणजे बहुधा शिफारस, ती वेगळी ठेवावी. मग प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला : हे करणार कोण? खरी अडचण इथेच आहे. धोरणात काम लिहिलेले असते, पण करणाऱ्याचा पत्ता नसतो.

हे वाक्य पाहा : "बदली झालेल्या कर्मचाऱ्याचा प्रवेशाधिकार तत्काळ रद्द करण्यात यावा." काउंटरवरच्या कारकुनाला आयडी बंद करता येत नाही. बदलीचा आदेश कार्यालयप्रमुखाच्या हाती असतो आणि आयडी बंद करण्याचा अधिकार सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरला. म्हणजे एका वाक्यातून तीन ओळी निघाल्या :

| कोण | काय करायचे | केव्हा |
|---|---|---|
| कार्यालयप्रमुख | आयडी बंद करण्याचे लेखी पत्र देणे | कार्यमुक्तीच्या दिवशी |
| सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर | आयडी बंद करून तसे लेखी कळवणे | पत्र मिळाले त्याच दिवशी |
| बदली झालेला कर्मचारी | पासवर्ड कोणाला न देता पत्राची प्रत मागून घेणे | कार्यालय सोडण्यापूर्वी |

"तत्काळ" म्हणजे किती वेळ, हे धोरणात नव्हते. "त्याच दिवशी" हे आम्ही सुचवले आणि प्रशासनाकडून लेखी मान्य करून घेतले. जिथे करणारा किंवा मुदत कळत नाही, तिथे अंदाजाने नाव घालू नका. रकाना रिकामा ठेवा आणि कार्यालयाला पत्राने विचारा. आपण अंदाजाने घातलेले नाव उद्या चौकशीत आपल्याच माणसाविरुद्ध वापरले जाईल.

दुसरी चूक "सर्व कर्मचारी" या शब्दांची. पासवर्ड गुप्त ठेवणे हे सर्वांचेच काम आहे. पण रजेवरच्या माणसाच्या जागी बसणाऱ्याला स्वतंत्र आयडी मिळवून देणे हे कार्यालयप्रमुखाचे काम आहे. हे दोन्ही एकाच ओळीत घातले, तर आयडी मिळत नाही, दुसऱ्याचा पासवर्ड वापरला जातो आणि दोषी ठरतो कारकून.

तक्ता नीट झाला की नाही, याची परीक्षा सोपी आहे. ज्याचे नाव आहे त्याला ओळ वाचून दाखवा आणि विचारा, "हे तुम्ही शेवटचे कधी केले?" उत्तरात तारीख सांगता आली नाही, तर ओळ मोघम आहे किंवा काम दुसऱ्याचे आहे.

प्रत्येक ओळीशेवटी धोरणाचे कलम आणि वर धोरणाची तारीख लिहा. धोरण बदलले की तक्ताही बदलावा लागेल. वाद झाला तर मूळ धोरणच प्रमाण धरले जाते, तक्ता नव्हे. म्हणूनच त्यावर कार्यालयप्रमुखाची सही घेतल्याशिवाय तो भिंतीवर लावू नका.