दुखलं नाही, तरी दुर्बीण?

एक एसटीचालक माझ्याकडे आले होते. वय ५८, विडीची जुनी सवय. एकदाच लघवी लाल झाली, दुखलं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी स्वच्छ. सोनोग्राफीतही काही दिसलं नव्हतं. "मग दुर्बीण कशाला, डॉक्टरसाहेब?" प्रश्न रास्तच होता. पण न दुखता आलेलं रक्त मला अधिक खटकतं. मूत्राशयातली लहान गाठ सोनोग्राफीतून निसटू शकते आणि विडी-सिगारेट हे अशा गाठीचं मोठं कारण आहे.

मूत्रमार्गात बधिर करणारं जेल घालून काही मिनिटं थांबलो. मग पेन्सिलीहून बारीक, लवचीक नळी आत सरकवली आणि सलाइनने मूत्राशय भरलं. "जोराची लागली हो!" ते म्हणाले. तसं वाटतंच. पाचेक मिनिटांत डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ दिसली. ती काढायला नंतर भूल द्यावी लागली. गाठ कर्करोगाची निघाली, पण वरच्या अस्तरापुरतीच होती.

तपासणीनंतर ते त्याच दिवशी घरी गेले. जाताना सांगितलं, "एक-दोन दिवस जळजळेल, लघवी गुलाबीसर होईल. पाणी भरपूर प्या. मात्र थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी निघा."